सात फुटी पडदा आणि साडेसात फुटांवरची दांडी

फर्निशिंगच्या दुकानात एका भिंतीला कापडाचे तागे उभे असतात आणि समोरच्या फळीवर पारदर्शक पिशव्यांत तयार पडद्यांच्या जोड्या. पिशवीवर किंमत असते ९०० रुपये, ताग्यावर चिठ्ठी असते ३५० रुपये मीटर. घर नुकतंच लागलेलं असतं, हातात खिडक्यांची मापं लिहिलेला कागद असतो, आणि मनातल्या मनात हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जातात. इथेच हिशेब चुकतो. ९०० रुपयांत कापड, शिलाई आणि रिंगा आल्या, पण माप कारखान्याचं आलं. ३५० रुपयांत नुसतं कापड आलं. ते किती मीटर लागेल, शिलाई किती, अस्तर लावायचं का, हे सगळं अजून पुढेच आहे. दोन्हीकडचे आकडे एका खिडकीवर आणून ठेवल्याशिवाय स्वस्त कुठलं आणि महाग कुठलं हे कळत नाही. म्हणून एकच खिडकी घेऊ आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत नेऊ.

ही खिडकी बेडरूमची आहे, पश्चिमेला तोंड करून. रुंदी ६ फूट. खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर आणि वरची कड ७ फुटांवर. पुण्या-मुंबईच्या नव्या-जुन्या इमारतींत अशा खिडक्या सर्रास दिसतात, कारण आपल्याकडे दारं आणि खिडक्या यांचं लिंटेल बहुधा एकाच रेषेत, ७ फुटांच्या आसपास घेतात. ही ७ फुटांची रेषा पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ आहे.

तयार पडदे बाजारात मुख्यतः तीन उंचींत मिळतात: ५ फूट, ७ फूट आणि ९ फूट. दुकानदार सांगतो, पाच फुटी खिडकीचा, सात फुटी दाराचा, नऊ फुटी मोठ्या दाराचा. ऐकायला सोपं वाटतं. आता आपल्या खिडकीवर हे लावून बघा. दांडी लिंटेलच्या अगदी कडेला ठोकत नाहीत, पाचेक इंच वर घेतात. म्हणजे दांडीची वरची बाजू साधारण ९० इंचांवर, साडेसात फुटांवर आली. रिंगांचा पडदा दांडीच्याही दीड इंच वर उभा राहतो, कारण रिंगेच्या वर कापडाची पट्टी असते. म्हणजे पडद्याचं वरचं टोक साडेएक्याण्णव इंचांवर. तिथून पाच फुटी पडदा सोडला तर तो ६० इंच खाली येऊन साडेएकतीस इंचांवर संपतो. खिडकीची खालची कड आहे ३० इंचांवर. दीड इंचाची उघडी फट, आणि पश्चिमेचं ऊन नेमकं त्या फटीतून गादीवर. सात फुटी सोडला तर तो जमिनीच्या साडेसात इंच वर थांबतो, ना खिडकीपुरता ना जमिनीपर्यंत. नऊ फुटी सोडला तर साडेसोळा इंच कापड फरशीवर लोळतं. तीन मापांपैकी एकही या खिडकीला बसत नाही, आणि ही खिडकी काही वेगळी नाही.

यावर घरोघर एक उपाय होतो तो असा की दांडीच खाली घेतात. पडदा सात फुटी आहे ना, मग ब्रॅकेट खिडकीच्या कडेला लागून ठोका. त्यात दोन अडचणी आहेत. एक, लिंटेलच्या कडेला ड्रिल लावलं की काँक्रीटचा आणि प्लास्टरचा कोपरा उडतो आणि स्क्रू ढिला बसतो. दोन, पडदा आणि भिंत यांच्यामध्ये वरून जो तीन-चार इंचांचा पोकळ भाग राहतो, त्यातून येणारा उजेड थेट छतावर पडतो. पहाटे किंवा दुपारी झोपणाऱ्याला हा छतावरचा पट्टा फार जाचतो. दांडी खिडकीच्या जितकी वर आणि बाजूला जितकी पुढे, तितका हा उजेड कमी.

उंचीनंतर दुसरी गोष्ट घेराची, आणि माझ्या मते पडद्याच्या खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खिडकी ६ फुटांची असली तरी दांडी ७ फुटांची घ्यावी लागते, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे. तयार पडद्याचा एक भाग साधारण ४ फूट रुंद असतो. जोडी म्हणजे ८ फूट. दांडी ७ फूट, पडदा ८ फूट, म्हणजे पुरला असं वाटतं. लावल्यावर मात्र तो पडदा दांडीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा ताणलेला दिसतो. चुण्या पडतच नाहीत. पडद्याला चुण्या हव्या असतील तर कापडाची रुंदी दांडीच्या निदान दुप्पट पाहिजे. रिंगांच्या पडद्याला दुप्पट चालते, वर शिवून घातलेल्या तिहेरी चुण्यांना अडीच पट लागते, आणि जाळीदार पातळ पडदा तर अडीच-तीन पट घेतला तरच भरल्यासारखा वाटतो. घेर नुसता दिसण्यासाठी नसतो. चुण्यांमुळे कापड एकावर एक येतं आणि ऊन, नजर, आवाज तिन्ही जास्त अडतात. ताणून बसवलेलं चांगलं जाड कापडही उन्हासमोर पातळ वाटतं.

म्हणजे आपल्या खिडकीला तयार पडद्यांची एक जोडी नाही, दोन जोड्या लागतात. ९०० रुपयांचा आकडा इथेच १८०० झाला, आणि उंचीचा प्रश्न अजून तसाच आहे.

आता ताग्याच्या बाजूला जाऊ. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण ४८ किंवा ५४ इंची असतो. दुकानदार सांगेल त्यावर न जाता कापड फळीवर पसरून काठापासून काठापर्यंत टेप लावून बघावा, कारण ४८ म्हणून दिलेला पन्हा ४६ भरला की चार भागांत आठ इंच घेर गेला. आपण ४८ इंची पन्हा धरू. दोन्ही कडांना दुमड घातल्यावर शिवलेला भाग सुमारे ४५ इंच राहतो. असे चार भाग म्हणजे १८० इंच. दांडी ८४ इंच. दुपटीहून थोडा जास्त घेर मिळाला, छान झालं.

उंचीचं माप दांडीपासून घ्यायचं. वरचं टोक साडेएक्याण्णव इंचांवर आणि खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर, म्हणजे तयार पडदा ९१ इंच. कापताना मात्र यात शिलाईची भर घालावी लागते. खाली ४ इंचांची दुहेरी दुमड म्हणजे ८ इंच, आणि वर रिंगांच्या पट्टीसाठी आणखी ४ इंच. ही पट्टी ताठ राहावी म्हणून आत बकरम घालतात. एकूण १०३ इंच, म्हणजे २ मीटर ६२ सेंटिमीटर. चार भागांचे साडेदहा मीटर होतात. कापताना इकडे तिकडे जाणारं धरून ११ मीटर घ्यावं.

हे झालं साध्या कापडाचं. मोठ्या नक्षीचं कापड असलं की गणित बदलतं. समजा फुलांची वेल आहे आणि तीच वेल दर ६४ सेंटिमीटरनी परत सुरू होते. चारही भागांत फूल एकाच उंचीवर यायला हवं असेल तर प्रत्येक भाग ६४ च्या पटीत कापावा लागतो. २६२ सेंटिमीटरला ६४ चे चार पट अपुरे पडतात, पाच घ्यावे लागतात, म्हणजे ३२० सेंटिमीटर. चार भागांना १२ मीटर ८० सेंटिमीटर. सव्वादोन मीटर कापड निव्वळ नक्षी जुळवण्यात गेलं. दुकानात मीटरचा भाव सारखाच दिसणारी दोन कापडं घरी येईपर्यंत अशी वेगळ्या किमतीची होतात. बजेट ताणलेलं असेल तर साधं किंवा बारीक विणीचं कापड घ्यावं असं मी म्हणेन; त्याचा एकही तुकडा वाया जात नाही.

आता पैसे मांडू. भाव गावागावांत आणि दुकानादुकानांत वेगळे असतात, म्हणून पुढचे आकडे नुसते हिशेब कळावा म्हणून धरलेले समजा आणि आपल्या बाजारातले भाव त्यांच्या जागी घाला. ३५० रुपये मीटरनं ११ मीटर कापड ३८५० रुपये. रिंगांसकट शिलाई एका भागाला २५० धरली तर १०००. अस्तराशिवाय ४८५० झाले. अस्तर घालायचं तर ते थोडं कमी उंचीचं लागतं, चार भागांना १० मीटर. १८० रुपये मीटरनं १८००, आणि अस्तर जोडण्याची जास्तीची शिलाई भागाला १०० म्हणजे ४००. सगळे मिळून ७०५०. इकडे तयार पडदा: उन्हासाठी ‘ब्लॅकआउट’ म्हणून मिळणाऱ्या नऊ फुटी जोडीला २२०० धरू. दोन जोड्यांचे ४४००, आणि शिंप्याकडून उंची कमी करून घ्यायचे भागाला ८० प्रमाणे ३२०. एकूण ४७२०. दांडी, ब्रॅकेट आणि बसवण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती बाजूला ठेवली.

फरक आला २३३० रुपयांचा. सुरुवातीला ९०० आणि ३५० यांच्यात जो फरक दिसत होता त्याच्याशी याचा काहीच संबंध नाही. खरा प्रश्न असा की या २३३० रुपयांत जास्तीचं काय मिळतं आणि ते आपल्याला हवं आहे का.

त्यात मुख्यतः अस्तर मिळतं, म्हणून अस्तराबद्दल जरा सविस्तर बोलू. तयार ‘ब्लॅकआउट’ पडद्यांपैकी बऱ्याच पडद्यांना अस्तर नसतंच. ते पॉलिएस्टरचं तीन थरांत विणलेलं एकच कापड असतं आणि मधल्या थरात काळं सूत असतं. हलक्या रंगाच्या पडद्याची कड उसवून पाहिली तर ते काळं सूत दिसतं. हे कापड ऊन चांगलं अडवतं, धुता येतं आणि चुण्याही बऱ्या पडतात, पण पूर्ण अंधार करत नाही. विशेषतः पांढरा, मोतिया, फिकट पिवळा अशा रंगांत भर दुपारी पडदा मागून उजळलेला दिसतो. याची परीक्षा दुकानातच होते. मोबाइलचा टॉर्च कापडाला मागून टेकवून लावा आणि समोरून बघा. अंधूक गोळा दिसला तर ते कापड उजेड मंद करणारं आहे; काहीच दिसलं नाही तर अंधार करणारं.

वेगळं अस्तर घेताना दुकानात तीन प्रकार पुढे येतात. साधं सुती किंवा सॅटिनचं अस्तर उजेड फारसा अडवत नाही, पण मुख्य कापडाचं उन्हापासून रक्षण करतं आणि पडद्याला अंग देतं. डिमआउट अस्तर खोली मंद करतं. लेप दिलेलं ब्लॅकआउट अस्तर पूर्ण अंधार करतं. त्याच्या पाठीवर रबरासारखा थर हाताला लागतो. या शेवटच्या प्रकारात एक खोड आहे. सुई जिथून जाते तिथे लेपाला भोक पडतं आणि ते बुजत नाही. पडदा ओढून दुपारी बघितलं की शिवणीच्या रेषेवर चांदण्यासारखे ठिपके दिसतात. म्हणून अशा अस्तराच्या मधोमध टीप घालू देऊ नये, आणि घातलेली टीप उसवून पुन्हा घालायला सांगू नये. त्याला लेपाच्या बाजूनं कडक इस्त्री चालत नाही आणि यंत्रात पिळणंही सोसत नाही. लेप चिरतो आणि पोपडे धरतो.

शिंप्याला अस्तराबद्दल एक गोष्ट पक्की सांगायची. अस्तर वरच्या पट्टीत आणि दोन्ही कडांना धरा, पण खालची कड मोकळी ठेवा आणि मुख्य कापडापेक्षा एक इंच वर ठेवा. कारण दोन कापडं सारखी आटत नाहीत. सुती कापड पहिल्या धुण्यात सहज तीन ते पाच टक्के आटतं, पॉलिएस्टरचं अस्तर जवळजवळ आटत नाही. खालची कड एकत्र शिवलेली असली की पहिल्या धुण्यानंतर अस्तर लांब पडतं, मुख्य कापड आखूड होतं, आणि पडद्याच्या पायथ्याशी फुगा येतो. तो इस्त्रीनं जात नाही, शिवणच उसवावी लागते. घाईत काम उरकणारा शिंपी चारही बाजू एकदम शिवून मोकळा होतो, त्यामुळे हे कापड हातात देतानाच सांगायला हवं.

आटण्याचा हिशेब उंचीलाही लागू आहे. ९१ इंचांच्या सुती पडद्याचे तीन टक्के म्हणजे पावणेतीन इंच आणि पाच टक्के म्हणजे साडेचार इंच. फरशीला टेकेल असा मापात शिवलेला सुती पडदा दिवाळीच्या साफसफाईत धुतला की घोट्यावर येतो. यावर दोन उपाय आहेत. पाच टक्के जास्त कापड घेऊन ते शिवण्याआधीच एकदा पाण्यातून काढून वाळवायचं. किंवा खालची चार इंचांची दुहेरी दुमड आहेच, ती पहिल्या धुण्यानंतर उसवून हवी तेवढी सोडायची. तयार सुती पडद्यात हा दुसरा उपाय नसतो. त्याची खालची दुमड बहुधा इंच-दीड इंचाचीच असते, सोडायला कापडच नाही. बारीक दुमडीचा आणखी एक तोटा म्हणजे पडद्याला खाली वजन राहत नाही, पंखा लागला की तो उडत राहतो. दुकानात तयार पडदा घेताना पिशवीतून काढायला लावून पहिल्यांदा ही खालची दुमड बघावी. दोन इंचांहून जास्त आणि दुहेरी असेल तर बनवणाऱ्यानं मन लावून काम केलं आहे असं समजायला हरकत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला कापड कोणतं, याचं उत्तरही अस्तराशी बांधलेलं आहे. सुती आणि लिनन ही कापडं दिसायला सुरेख असतात, पण उन्हात त्यांचा रंग उतरतो आणि काही वर्षांत धागा कुजायला लागतो, आधी चुणीच्या त्या भागावर जो काचेकडे असतो. पॉलिएस्टर यात जास्त टिकतं. ज्यांना सुतीच हवं आहे त्यांनी अस्तर टाळू नये. ऊन अस्तर खातं, मुख्य कापड वाचतं, आणि अस्तर खराब झालं तर तेवढंच बदलता येतं. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीला, जिथे नुसती नजर अडवायची आहे, तिथे अस्तराचे २२०० रुपये खर्च करायचं कारण नाही. त्या खिडक्यांना अस्तर न लावता वाचलेले पैसे पश्चिमेच्या एका खिडकीवर घालावेत. सगळ्या घराला एकसारखे पडदे हा हट्ट सोडला की बजेट बरंच सैल होतं.

रिंगांच्या पडद्याची एक मर्यादा मात्र अस्तर कितीही चांगलं असलं तरी राहते. रिंगांचा पडदा लाटेसारखा आत-बाहेर फिरतो, त्यामुळे वर दांडीजवळ आणि दोन्ही टोकांना भिंतीशी फट उरते. तिथून उजेड येणारच. रात्रपाळी करून सकाळी झोपणारं कुणी घरात असेल, तर तिथे शिवलेल्या चुण्यांचा पडदा आणि भिंतीकडे वळलेला ट्रॅक लावावा. त्यात पडद्याचं टोक वळून भिंतीला टेकतं. असा पडदा तयार सहसा मिळत नाही, शिवूनच घ्यावा लागतो. इतरांना दांडी दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच पुढे नेऊन बराच फरक पडतो.

दांडीचा हिशेब आपण बाजूला ठेवला होता, पण तिच्यावर सगळा भार आहे. चार भाग आणि त्यांचं अस्तर यांचं वजन पाच किलोच्या आसपास जातं, आणि रोज दोनदा ओढलं की त्याला झटका बसतो. १९ मिलिमीटरची पातळ नळी ७ फुटांच्या अंतरात मध्ये झुकते. २५ मिलिमीटरची, म्हणजे बाजारभाषेत एक इंची, दांडी घ्यावी आणि मध्ये तिसरा ब्रॅकेट लावावा. रिंग या मधल्या ब्रॅकेटवरून पुढे जात नाही, म्हणून दोन भाग डावीकडे आणि दोन उजवीकडे असेच राहतील, हे आधी लक्षात घ्यावं. एकाच बाजूला सगळा पडदा सारायचा असेल तर दांडीऐवजी ट्रॅक लागतो. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लोखंडावर रंग दिलेली दांडी दोन पावसाळ्यांत गंजते आणि तो गंज रिंगांखालच्या कापडाला लागतो. तिथे स्टेनलेस स्टीलची घ्यावी, आणि त्यातही दर्जा विचारावा. ३०४ दर्जाचं स्टील खाऱ्या हवेत २०२ पेक्षा चांगलं टिकतं. पडद्याच्या रिंगाही बघाव्यात. लोखंडी रिंग धुण्यात गंजते आणि तिचा पिवळा गोल डाग कापडावरून निघत नाही.

ब्रॅकेट भिंतीत कशात बसतो हेही महत्त्वाचं. लिंटेल साधारण सहा इंच उंच असतं. त्यात बसलेला स्क्रू घट्ट धरतो, पण घरगुती छोट्या ड्रिलनं भोक पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. त्याच्यावर गेलात की वीट किंवा हलका ब्लॉक लागतो. तिथे भोक पटकन पडतं पण नेहमीचा छोटा प्लग काही महिन्यांत सुटतो, लांब प्लग आणि लांब स्क्रू हवा. मायवान पद्धतीच्या नव्या इमारतींत अख्खी भिंतच काँक्रीटची असते. बसवणाऱ्याला बोलावताना हे फोनवरच सांगितलं तर तो योग्य ड्रिल घेऊन येतो. आणि दांडी आधी बसवावी, मग माप घ्यावं. कागदावर ठरलेली ९० इंचांची उंची भिंतीवर ८९ किंवा ९१ होते, फरशीला उतार असतो, त्यामुळे पोलादी टेपनं डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन मापं घ्यावीत आणि त्यातलं सर्वांत लहान धरावं.

शिवून घ्यायचं ठरवलं तर कापड सगळं एका ताग्यातून एकदम घ्या. तागा बदलला की तोच रंग किंचित वेगळा येतो. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये तो फरक दिसत नाही, खिडकीत उन्हासमोर शेजारी लटकल्यावर दिसतो. दोन-दोन भाग जोडून डावा-उजवा असे दोनच मोठे पडदे शिवून घेतले तर मधल्या फटी कमी होतात. रिंगा प्रत्येक पडद्याला सम संख्येत हव्यात, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाल्या तर एक टोक खोलीत उलटं तोंड करून उभं राहतं. घरी आलेला पडदा पसरून दोन्ही कडा मोजा. अर्ध्या इंचापर्यंत फरक चालतो. इंचभर फरक असला तर कापड उभ्या धाग्याला धरून कापलेलं नाही, तिरकं गेलं आहे, आणि ते लटकल्यावर एका बाजूला पिळल्यासारखं दिसणार. दांडीवर चढवण्याआधीच परत द्यायचं.

मग तयार कधी घ्यावा? भाड्याच्या घरात, जिथे पुढच्या घराच्या खिडक्या कशा असतील माहीत नाही. लहान मुलांच्या खोलीत, जिथे पडदा दोन-तीन वर्षांत बदलायचाच आहे. स्वयंपाकघराच्या बाल्कनीच्या दाराला, जिथे तेलकट हात लागतात आणि महिन्याला धुवावं लागतं. या ठिकाणी पानिपत किंवा करूरकडून येणारे तयार पडदे पैशाच्या मानानं उत्तम असतात. हॉलचं मोठं सरकतं दार, दिवसभर ऊन खाणारी खिडकी आणि जिथे रोज झोपायचं ती खोली, इथे मात्र मी कापड घेऊन शिवण्याच्या बाजूनं आहे, कारण उंची, घेर आणि अस्तर तिन्ही एकदम मापात हवं असतं.

या दोन्हींच्या मधला रस्ता, जो आपण हिशेबात धरला, तो मला बहुतेक घरांसाठी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: सात फुटीच्या भानगडीत न पडता नऊ फुटी तयार पडदा घ्यायचा आणि खालून कमी करून घ्यायचा. वरून नाही, कारण वर रिंगा आणि बकरम आहे. सुती असेल तर कापण्याआधी एकदा धुऊन घ्यायचा. खाली वेगळ्या रंगाचा पट्टा किंवा काठाची नक्षी असलेला पडदा यासाठी घेऊ नये, तीच आधी कापली जाईल. आपल्या खिडकीला ९१ इंच तयार उंची हवी, त्यात दुहेरी दुमडीचे ८ इंच मिळवून ९९ इंचांवर कापायचं. १०८ मधून ९ इंच निघतात, आणि कारखान्याच्या बारीक दुमडीच्या जागी चार इंचांची भारदस्त दुमड येते, ज्यात पुढे सोडायलाही कापड असतं. निघालेल्या ९ इंची पट्ट्या शिंप्याकडून परत मागून घ्या. एक पट्टी उभी दुमडून शिवली की चार इंची रुंदीचा बंद होतो, आणि मधोमध कापला की त्यातून दोन बंद निघतात, डाव्या पडद्याला एक आणि उजव्याला एक.